एकाच बडमधून आवाज: तुटलेली जोडी पुन्हा कशी जुळवायची

*प्रश्न: इअरबड्स वर्षभरापूर्वी घेतले. म्हापसा ते पणजी बसमध्ये रोज वापरतो. चवथीच्या सुट्टीत आठ-दहा दिवस डबीतच पडून होते. आता फक्त उजव्यातून आवाज येतो. डावा बाहेर काढला की त्याचा दिवा लुकलुकतो, पण गाणे नाही. फोनच्या ब्लूटूथ यादीत आधी एकच नाव दिसायचे, आता दोन दिसतात, एकाच्या शेवटी L आहे. डबीचे बटण दाबून दोनदा रिसेट केले, फरक नाही. दुकानदार म्हणतो डावा गेला, नवे घ्या. खरेच गेला का?*

बहुधा गेलेला नाही, आणि याची खूण तुमच्याच प्रश्नात आहे. जो बड मेला आहे तो फोनच्या यादीत स्वतःचे नाव दाखवू शकत नाही. यादीत L दिसतो म्हणजे डाव्या बडची बॅटरी चालू आहे, आतली चिप चालू आहे आणि ब्लूटूथचा अँटेनाही चालू आहे. तपासायचा राहिला तो फक्त स्पीकर, आणि तो एका मिनिटात तपासता येतो. उजवा बड डबीत ठेवून झाकण लावा, यादीतल्या L असलेल्या नावावर टॅप करून जोडा आणि एखादे गाणे लावा. डाव्यातून गाणे आले तर सगळे भाग शाबूत आहेत, फक्त दोन बड्सची आपसातली ओळख पुसली गेली आहे. गाणे आले नाही तर जाळी बुजली असेल किंवा स्पीकर बिघडला असेल, त्याबद्दल शेवटी लिहिले आहे. दोन नावे दिसू लागल्यावर बहुतेक वेळा पहिलेच कारण निघते.

ही ओळख म्हणजे काय ते आधी समजून घेतले तर पुढच्या पायऱ्या तशाच क्रमाने का करायच्या हे लक्षात येईल. गाणी ऐकण्याचे नेहमीचे ब्लूटूथ एका वेळी एकाच हेडफोनला गाणे पाठवण्यासाठी बनले होते. डावा आणि उजवा असे दोन सुटे कान ही कल्पना त्यात नव्हतीच. म्हणून वायर नसलेल्या बड्समध्ये एक युक्ती केली जाते. दोघांपैकी एक मुख्य होतो आणि फोनशी तोच बोलतो. दुसरा त्याच्या मागे असतो. जुन्या पद्धतीत मुख्य बड गाणे स्वतः घेतो आणि दुसऱ्याचा वाटा त्याला पुढे पाठवतो. नंतरच्या अनेक चिपमध्ये दुसरा बड फोन आणि मुख्य बड यांच्यातले बोलणे थेट ऐकतो, पण त्यासाठी लागणारी गुप्त किल्ली त्याला मुख्य बडकडूनच मिळते. पद्धत कोणतीही असो, फोनला वाटते की समोर एकच हेडफोन आहे, म्हणून यादीत एकच नाव दिसते. २०२० साली आलेल्या ब्लूटूथ ५.२ मध्ये दोन्ही कानांना वेगवेगळा प्रवाह पाठवण्याची सोय झाली, पण ती फोन आणि बड्स दोन्हींत असावी लागते. आज वापरात असलेल्या बऱ्याच स्वस्त जोड्या अजून मुख्य आणि दुय्यम याच पद्धतीवर चालतात.

प्रत्येक बडचा स्वतःचा वेगळा ब्लूटूथ पत्ता असतो आणि जोडीदाराचा पत्ता व किल्ली तो आपल्या मेमरीत जपून ठेवतो. डबीतून बाहेर निघाल्यावर बड आधी आपल्या जोडीदाराला शोधतो आणि मग फोनला. ही जपून ठेवलेली नोंद दोघांपैकी एकाकडून जरी पुसली गेली, तरी दोघे एकमेकांना परके होतात. मग प्रत्येक जण स्वतंत्र हेडफोन असल्यासारखा आपापले नाव जाहीर करतो. तुमच्या यादीत तेच झाले आहे.

आता नोंद पुसली का गेली? सुट्टीत आठ-दहा दिवस पडून राहिल्याचे तुम्ही लिहिले आहे, तिथेच मूळ असण्याची शक्यता मला सर्वांत जास्त वाटते. बड डबीत आहे की बाहेर, हे त्याला कशावरून कळते? बऱ्याच मॉडेलमध्ये ते फक्त चार्जिंगच्या टोकांवरून कळते. डबीतल्या दोन बारीक पिना बडच्या खालच्या दोन सोनेरी ठिपक्यांना टेकल्या की बडला कळते, आता घरात आलो, झोपायला हरकत नाही. टेकल्याच नाहीत तर बड डबीत बसूनही जागाच राहतो, फोन शोधत राहतो, आणि काही तासांत त्याची इवलीशी बॅटरी शून्यावर येते. या बॅटऱ्या साधारण ३० ते ६० मिलिअँपिअर-तासांच्या असतात, म्हणजे फोनच्या बॅटरीच्या शंभराव्या हिश्श्याच्या आसपास. दुसऱ्या दिवशी तुम्ही बड्स काढता, उजवा एकटाच उठतो, फोन उजव्याला पकडतो आणि जोडीत उजवा एकटाच आहे अशी सवय पडते. कधीतरी डाव्याला थोडे चार्जिंग मिळते, तो उठतो, पण जोडीदार आधीच फोनशी गुंतलेला असतो. अशा वेळी काही बड्स थोडा वेळ वाट पाहतात आणि मग स्वतःच जोडणीच्या अवस्थेत जाऊन आपले नाव जाहीर करतात. त्याच गडबडीत आपण डाव्यावर आवाज येतो का पाहायला बोट दाबून धरतो. कित्येक मॉडेलमध्ये पाच-दहा सेकंद बोट धरणे म्हणजेच रिसेट. झाले, नोंद गेली.

आणखी एक कारण घरोघरी सापडते. बड्स एकदा घरातल्या दुसऱ्या फोनला, टॅबला किंवा टीव्हीला जोडलेले असतात. सकाळी दोन्ही बड्स एकाच वेळी न काढता एकेक करून काढले की उजवा तुमच्या फोनला चिकटतो आणि डावा शेजारच्या खोलीतल्या टॅबला. तुमच्या दृष्टीने डावा बंद, प्रत्यक्षात तो टॅबची वाट पाहत शांत बसलेला असतो. असे असेल तर टॅबचे ब्लूटूथ बंद करून बड्स परत डबीत घालून काढले की सगळे जागेवर येते, रिसेटची गरजही पडत नाही.

तुम्ही दोनदा रिसेट करूनही फरक का पडला नाही, हा या सगळ्यातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आहे. डबीचे बटण दाबल्यावर रिसेटचा हुकूम बडपर्यंत जातो तो बहुतेक करून त्याच चार्जिंगच्या पिनांमधून. डाव्याची पिन टेकतच नसेल तर हुकूम फक्त उजव्याला पोचतो. उजवा आपली नोंद पुसतो, डावा जुन्या नोंदीवर बसून राहतो, आणि आधी निम्मी तुटलेली जोडी पुरती तुटते. जिथे डबीला बटण नसते आणि बड डबीत असताना त्याच्यावर बोट धरायचे असते, तिथेही आपण डबीत आहोत हे बडला कळायला हवे. म्हणून आधी पिना, मग फोनची यादी, मग रिसेट, मग दोघांची भेट आणि शेवटी फोन, हा क्रम मोडायचा नाही. बहुतेक लोक रिसेटपासून सुरुवात करतात आणि तिथेच फसतात.

पिनांपासून सुरू करू. दोन्ही बड काढून ठेवा आणि डबी उजेडात तिरकी धरून डाव्या खोबणीच्या तळाशी पाहा. दोन, काही मॉडेलमध्ये तीन, टाचणीच्या डोक्यापेक्षाही लहान पिना वर आलेल्या दिसतील. लाकडी टूथपिकच्या बोथट टोकाने प्रत्येक पिन अलगद खाली दाबून सोडा. ती आतल्या स्प्रिंगमुळे टुणकन वर यायला हवी. उजव्या खोबणीतल्या पिनांशी उंची ताडून पाहा. एखादी अर्ध्यातच अडकून राहिली असेल, तर सापडला दोष. मग बडचे ठिपके पाहा. ते पिवळसर चकचकीत असायला हवेत. त्यांच्यावर काळपट थर, पांढरी खपली किंवा हिरवट डाग असेल तर तो घामाचा आणि गंजाचा आहे. हिरवा रंग आला म्हणजे वरचा सोन्याचा मुलामा झिजून खालचे तांबे उघडे पडू लागले आहे.

गोव्यात हे लवकर होते. पावसाळ्यात कपाटातल्या चपलांना आणि पट्ट्यांना बुरशी धरते तीच ओल डबीतही असते, आणि किनाऱ्याकडच्या हवेत मिठाचा अंश असतो. बसमधून घामेजल्या कानातले बड काढून तसेच डबीत टाकले की घामाचा थेंब पिन आणि ठिपका यांच्यात अडकतो. डबी तिथे चार्जिंगचा दाब देते. खारट पाणी आणि वीज एकत्र आली की धातू साध्या ओलीपेक्षा कितीतरी वेगाने खराब होतो. बड नुसते टेबलावर ठेवले असते तर त्या घामाने एवढे नुकसान केले नसते.

साफ करायला आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात त्याला आयपीए म्हणतात आणि लहान बाटली सहज मिळते. कापसाच्या काडीचे टोक त्यात फक्त ओलसर करा, पिळल्यावर थेंब पडता कामा नये. बडचे ठिपके पुसा, काडी काळी झाली तर दुसरी घ्या, काडी स्वच्छ निघेपर्यंत. डबीतल्या पिना पुसताना डबी उलटी धरा, म्हणजे पातळ द्रव पिनांच्या कडेने आत उतरणार नाही. अडकलेली पिन असेल तर तिच्यावर ओलसर काडी टेकवून ती दहा-बारा वेळा वरखाली करा, बहुधा सुटते. मग झाकण उघडे ठेवून पंख्याखाली अर्धा तास सुकू द्या. पाणी, परफ्यूम, पेट्रोल, गंज काढायचा स्प्रे यांपैकी काहीही वापरू नका. ब्लेड किंवा पॉलिश पेपरने तर मुळीच घासू नका. ठिपका त्या दिवशी चमकेल, पण उरलासुरला मुलामा निघून जाईल आणि महिन्याभरात दुप्पट हिरवा होईल. बड तांदळाच्या डब्यात पुरण्याचाही उपयोग नाही. गंज तांदळाने निघत नाही आणि तांदळाची भुकटी जाळीत जाऊन बसते.

आता डावा बड एकटाच डबीत बसवा. डबीचा किंवा बडचा चार्जिंगचा दिवा लागला पाहिजे. लागला नाही तर बोटाने बड हलकेच खाली दाबून पाहा. दाबल्यावर लागतो आणि सोडल्यावर विझतो, असे असेल तर बड नीट बसत नाही. रबरी टोपी बदलून मोठी लावली असेल तर तिची कड डबीच्या भिंतीला अडते आणि बड अर्धा मिलिमीटर वर राहतो. तेवढे अंतर पुरते. टोपी काढून एकदा बसवून पाहा. अगदी नव्या बड्सच्या बाबतीत ठिपक्यांवर कारखान्यातून लावलेली पारदर्शक पट्टी काढायची राहून गेलेली असते, तीही नखाने चाचपून पाहा.

दिवा लागल्यावर दोन्ही बड डबीत ठेवा, डबी चार्जरला लावा आणि निदान एक तास तशीच राहू द्या. बॅटरी अगदी तळाला गेली असेल तर सुरुवातीला खूप हळू भरते, म्हणून पहिल्या दहा मिनिटांत काही दिसले नाही तरी घाई करू नका. दोघांपैकी एकाची बॅटरी कमी असताना जुळवायला गेलात तर तो अर्ध्यातच बंद पडतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करावे लागते.

तोवर फोनची यादी साफ करा. साध्या अँड्रॉइडमध्ये `Settings` मध्ये `Connected devices`, तिथे बड्सच्या नावापुढच्या चक्रावर टॅप करून `Forget`. सॅमसंगमध्ये `Connections`, मग `Bluetooth`, मग `Unpair`. आयफोनवर `Settings`, `Bluetooth`, नावापुढचा i आणि मग `Forget This Device`. तुमच्या यादीत दोन नावे आहेत, दोन्ही काढा, फक्त L काढून थांबू नका. घरातला दुसरा फोन, लॅपटॉप, टीव्ही, गाडीतला म्युझिक सिस्टम, जिथे जिथे हे बड्स कधी जोडले असतील तिथूनही काढा. काढणे शक्य नसेल तर निदान तेवढ्यापुरते त्यांचे ब्लूटूथ बंद करा. मग तुमच्या फोनचेही ब्लूटूथ बंद करा. हे विसरले तर बड्स जागे होताच फोन त्यांच्यातल्या एकावर झडप घालतो आणि दोघांना एकमेकांना भेटायला वेळच मिळत नाही.

रिसेटची पद्धत मॉडेलप्रमाणे बदलते, म्हणून खोक्यातला कागद किंवा कंपनीच्या साइटवरची पुस्तिका पाहणे सर्वांत बरे. तीन प्रकार जास्त आढळतात. डबीला बटण असेल तर दोन्ही बड आत, झाकण उघडे, आणि बटण १० ते १५ सेकंद दाबून धरायचे. दिव्याचा रंग किंवा लुकलुकण्याची चाल बदलली की सोडायचे. बटण नसेल तर दोन्ही बड डबीत असतानाच दोघांच्या स्पर्शाच्या जागेवर दोन बोटे एकाच वेळी तेवढाच वेळ धरायची. तिसऱ्या प्रकारात बड बाहेर काढून ठराविक वेळा टॅप करायचे असते. ॲपलच्या बटण असलेल्या डबीत झाकण उघडून मागचे बटण साधारण १५ सेकंद धरायचे, दिवा आधी केशरी आणि मग पांढरा लुकलुकतो. कोणत्याही प्रकारात एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहायची: बडवर दिवा असेल तर तो दोन्ही बड्सवर बदलला पाहिजे. उजव्याचा लुकलुकला आणि डावा ढिम्म राहिला, तर रिसेट निम्मेच झाले. परत पिनांकडे जायचे. तुमच्या आधीच्या दोन प्रयत्नांत बहुधा हेच घडले आहे.

आता भेट. झाकण लावा, दहा सेकंद थांबा, झाकण उघडा आणि दोन्ही बड दोन हातांनी एकाच वेळी काढून टेबलावर वीतभर अंतरात शेजारी ठेवा. फोनला हात लावू नका. बड्सवर दिवे असतील तर इथे जे दिसते ते नीट पाहण्यासारखे आहे. सुरुवातीला दोन्ही दिवे सारखेच लुकलुकतात, बऱ्याचदा दोन रंगांत. काही सेकंदांत एकाचा दिवा थबकतो, विझतो किंवा अगदी संथ होतो आणि दुसरा मात्र जोरात लुकलुकत राहतो. ज्याचा दिवा शांत झाला तो दुय्यम झाला आणि ज्याचा चालू आहे तो मुख्य, आता फोनच्या प्रतीक्षेत. दोघांनी एकमेकांना ओळखले याची ती खूण आहे. दोन्ही दिवे अर्ध्या मिनिटानंतरही सारख्याच जोराने लुकलुकत असतील तर ओळख झालेली नाही. अशा वेळी फोन जोडू नका, परत डबीत घाला आणि रिसेटपासून पुन्हा करा. काही मॉडेलमध्ये दोन्ही बाहेर काढल्यावर दोघांवर एकाच वेळी दोन-तीनदा टॅप केले तरच ते एकमेकांना शोधतात. तसे असेल तर पुस्तिकेत जोडी जुळवण्याच्या वेगळ्या शीर्षकाखाली लिहिलेले असते.

एकाचा दिवा शांत झाला की मगच फोनचे ब्लूटूथ सुरू करा. यादीत आता एकच नाव दिसायला हवे. L किंवा R जोडलेले दुसरे नावही दिसले, तर यादी एकदा बंद करून पुन्हा शोध घ्या, कारण फोन कधीकधी जुनी नावे थोडा वेळ दाखवत राहतो. तरीही दोन दिसली तर जुळणी झालेली नाही. एकच दिसले तर त्यावर टॅप करा. जोडल्यानंतर क्षणभराने फोन दुसऱ्या बडसाठी आणखी एक परवानगी मागतो असे काही मॉडेलमध्ये होते. ती नाकारली तर डावा पुन्हा मुका, म्हणून होकार द्या.

गाणे लावा आणि दोन्ही कानांत आले की तेवढ्यावर समाधान मानू नका. उजवा डबीत ठेवा, डावा एकटा चालू राहिला पाहिजे. मग उजवा काढून डावा ठेवा. मग दोन्ही डबीत, झाकण बंद, मिनिटभराने पुन्हा बाहेर. दोन्ही आपोआप जुळले तर काम पक्के. एकेक बड ठेवल्यावर तो खरोखर झोपतो का, हेही यात तपासले जाते. डबीत ठेवलेल्या बडकडेच फोनचा आवाज जात राहिला तर त्याची पिन अजूनही टेकत नाही, आणि दोन आठवड्यांत तुमची तक्रार परत उभी राहील.

वाटेत अडखळण्याच्या दोन जागा आहेत. पहिली, जोडताना फोन सांगतो `Couldn't pair because of an incorrect PIN or passkey`, किंवा अशाच अर्थाचे काही. पिन तुम्ही कुठे टाकलेलाच नसतो. याचा अर्थ एवढाच, की रिसेटमुळे बडने जुनी किल्ली टाकून दिली पण फोनने तिची आपली प्रत जपून ठेवली आहे. नाव पुन्हा `Forget` करा, फोन बंद करून चालू करा आणि परत जोडा. तेवढ्यानेही झाले नाही तर अँड्रॉइडच्या `Reset options` मधून ब्लूटूथच्या सगळ्या नोंदी पुसता येतात, पण त्यासोबत वायफायचे पासवर्डही जाऊ शकतात, म्हणून तो शेवटचा उपाय ठेवा.

दुसरी, सगळे जुळते, पण डावा वीस-पंचवीस मिनिटांत बंद पडतो आणि उजवा तीन तास चालतो. इथे जुळणीचा दोष नाही, डाव्याची बॅटरी थकली आहे. लिथियमची बॅटरी शून्यावर बराच काळ पडून राहिली की तिची धारणशक्ती कायमची कमी होते. दोन्ही बड पूर्ण भरून एकत्र वापरा आणि दोघे कधी बंद पडतात ते घड्याळ लावून पाहा. फरक दुपटीपेक्षा जास्त असेल तर पुन्हा पुन्हा रिसेट करून काही साधणार नाही.

L वर जोडूनही गाणे आले नाही, असे निघाले तर आणखी एक खूण पाहा. बड चालू होताना किंवा जोडला जाताना जो टुंग आवाज किंवा बोललेला शब्द येतो, तो फोनमधून येत नाही, बडच्या आतच साठवलेला असतो. डाव्यात तो शब्द स्पष्ट ऐकू आला पण गाणे नाही, तर स्पीकर चांगला आहे आणि दोष जोडणीत किंवा फोनच्या सेटिंगमध्ये आहे. फोनच्या `Accessibility` मध्ये डाव्या-उजव्या आवाजाची सरकपट्टी असते, ती चुकून एका टोकाला गेलेली नाही ना ते पाहा. आयफोनवर ती `Audio & Visual` मध्ये `Balance` या नावाने आहे. शब्द ऐकू येतो पण अगदी लांबून आल्यासारखा, तर जाळी मळाने बुजली आहे. रबरी टोपी काढा, जाळीचे तोंड जमिनीकडे करून कोरड्या मऊ ब्रशने झटका, म्हणजे मळ आत न जाता खाली पडेल. सुईने टोचू नका, जाळीच्या मागेच स्पीकरचा पातळ पडदा असतो. दिवा लागतो, नाव दिसते, पण तो शब्दही येत नाही आणि जाळी स्वच्छ आहे, असे असेल तेव्हा मात्र स्पीकर गेला असे म्हणता येईल.

तशी वेळ आली तर बाजारात मिळणारा सुटा डावा बड घेण्याआधी विचार करा. मॉडेल तेच हवे, आणि आतले सॉफ्टवेअरही जुळणारे हवे. काही कंपन्या दोन्ही बड्सना कारखान्यातच एकमेकांचे पत्ते देऊन टाकतात आणि तुमच्या हातून होणाऱ्या रिसेटने ते बदलत नाहीत. असा सुटा बड कितीही खटपट केली तरी जुळणार नाही. विकणाऱ्याला तुमची डबी आणि उजवा बड देऊन त्याच्यासमोरच जुळवून घ्या, आणि दोन्ही कानांत आवाज आल्याशिवाय पैसे देऊ नका. तुम्ही घेऊन वर्ष झाले आहे असे लिहिले आहे, तर बिलावरची तारीख आजच काढून पाहा. बहुतेक बड्सना एक वर्षाची हमी असते, आणि थोडे दिवस जरी उरले असतील तर तक्रार त्या मुदतीत नोंदवणे महत्त्वाचे.

जुळल्यानंतर पुढच्या पावसाळ्यात हे टाळायचे असेल तर बसमधून उतरल्यावर बड्स रुमालाने पुसा आणि पाच-दहा मिनिटे बाहेर राहू देऊन मगच डबीत ठेवा. काढताना दोन्ही एकाच वेळी काढा. सुट्टीवर जाताना डबी अर्ध्याहून जास्त भरलेली असू द्या, आणि झाकण लावण्याआधी दोन्ही बड्सचे चार्जिंगचे दिवे लागलेले डोळ्यांनी पाहा.